बढाईखोर उत्तर आणि आजचे टाळीबहाद्दर

मराठी मालिकांत आणि व्यावसायिक नाटकांत सध्या एक रोग बळावला आहे. नायकाच्या मित्राला किंवा मामाला एखादं ठरलेलं वाक्य द्यायचं, त्याला टाळी पडली की दर प्रवेशात तेच वाजवायचं. तेवढा वेळ नायक नुसता उभा. हे फारच खटकतं, कारण दुय्यम पात्राची लकब कशी बेतावी याचा उत्तम नमुना अठराव्या शतकात बारामतीत लिहिला गेला आहे.

मोरोपंतांच्या ‘आर्याभारता’तलं विराटपर्व काढावं. बायकांपुढे बढाया मारणाऱ्या राजपुत्र उत्तराचं वर्णन पंतांनी ‘ब’च्या अनुप्रासात असं बसवलं की ते म्हण होऊन राहिलं. एवढी ठसठशीत लकब मिळूनही उत्तर अर्जुनाला झाकत नाही. हे कथेच्या रचनेमुळे साधतं, आणि ती रचना मुळात व्यासांची.

कौरवांनी गाई वळवल्या आहेत, विराट दुसऱ्या आघाडीवर गेला आहे. उत्तर म्हणतो, सारथी असता तर दाखवलं असतं. त्या बढाईमुळेच बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन रथावर चढतो. कौरवसेना दिसताच उत्तर रथातून उडी टाकून पळतो. अर्जुन वेणी उडवत त्याच्यामागे धावतो, ते पाहून शत्रू हसतात आणि काहींना संशयही येतो. म्हणजे उत्तराच्या भित्रेपणातून अर्जुनाची ओळख फुटू लागते. मग शमीवरची शस्त्रं उतरतात, अदलाबदल होते आणि बढाईखोर उत्तर स्वतःच सारथी होतो.

इथे लकब संपते. विजयानंतर विराट मुलाचं कौतुक करतो, तेव्हा उत्तर श्रेय नाकारतो. बढाई पुन्हा वाजवण्याची संधी होती, तिथे ती उलटी फिरवली.

करमाळ्याच्या मुलखात चित्रित झालेल्या नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’मध्ये (2016) हीच जाण दिसते. नायक परश्याचा मित्र लंगड्या त्याच्या चालीमुळे आणि फसलेल्या प्रेमामुळे लक्षात राहतो. पण कथा हैदराबादला पोचली की तो आणि दुसरा मित्र सल्या मागे राहतात. प्रेक्षकांचे लाडके म्हणून त्यांना तिकडे ओढत नेलेलं नाही, म्हणूनच परश्या-आर्चीचं एकटेपण बोचतं.

वगातल्या सोंगाड्याचा दाखला इथे चालणार नाही. तिथे बहुतेकदा तोच खेळाचा धनी असतो.

‘लोकांना हेच आवडतं’ हा बचाव तर मुळीच मान्य करू नये. उत्तरही लोकांना आवडलाच, म्हणून तर त्याची म्हण झाली. तरी त्या युद्धाची कथा अर्जुनाचीच राहिली. लेखकाने प्रत्येक लकबीला एकच प्रश्न विचारावा: ही काढून टाकली तर नायकाचं काही अडतं का? अडत नसेल, तर टाळी कितीही मोठी असो, ते वाक्य संहितेतून कापावं आणि तालमीत नटाने हट्ट धरला तरी परत घालू नये.