अमाराचं खरं नाव काय?

जव्हार-मोखाड्यात फील्डवर्क करताना एका पाड्यावर मुलं एका खोडकर पोराला ‘अमारा’ म्हणत होती. डिशवरचं हिंदी ‘निंजा हथौडी’ सगळ्यांना पाठ. मी वहीत लिहून टाकलं, ‘डबिंगमध्ये नावांचं भारतीयीकरण होतं.’ मूळ नाव न शोधताच! ही चूक तुम्ही करू नका.

मूळ मालिका जपानी आहे. फुजिको फुजिओंची मांगा 1964 ची, आणि तिच्यावरची रंगीत ॲनिमे 1981 ची. शोधताना आधी मी ‘अमारा’च टाइप केलं. मिळाली ती चाहत्यांची पानं, बहुतेक एकमेकांवरून उतरवलेली. अशी दहा पानं म्हणजे दहा पुरावे नव्हेत.

मग नाव सोडलं आणि पात्राचं काम धरलं. डबिंगमध्ये नाव बदलतं, पण कथेतली जागा सहसा बदलत नाही. हातोरी इगाचा निंजा, तर अमारा कोगाचा, त्याचा प्रतिस्पर्धी, आणि सोबत काळं मांजर. मालिकेचं जपानी नाव 忍者ハットリくん टाकून पात्रयादीत हे वर्णन शोधलं, तर एकच जण बसतो: ケムマキケムゾウ, म्हणजे केमुमाकी केमुझो. जपानीत आडनाव आधी येतं, त्यामुळे इंग्रजी पानांवर हाच क्रम उलटा दिसला तर दोन वेगळी माणसं समजू नका.

यादीवरही थांबायचं नाही. एकच भाग हिंदीत आणि जपानी आवाजात लावा. हिंदीत त्याला ‘अमारा’ अशी हाक येते त्याच प्रसंगात जपानीत ‘केमुमाकी’ ऐकू आलं, की जोडी पक्की. मात्र भाग तोच हवा, कारण 2012 नंतर नवी मालिकाही आली आहे.

याच रीतीने मांजर कियो म्हणजे कागेचियो (影千代), आणि सोनम म्हणजे युमेको (夢子).

आता माझं वाक्य तपासू. सोनम आपल्याकडचं नाव वाटतं, हे खरं. पण कियो? आणि हातोरी, केनिची, शिंझो, शिशिमारू तर जपानीच राहिले. म्हणजे ‘भारतीयीकरण’ हा निष्कर्ष एका सोनमवर उभा होता. ही नावं का बदलली, हे नावांची यादी सांगत नाही. त्यासाठी डबिंगवाल्यांची कागदपत्रं किंवा मुलाखत लागेल.

काय हरवलं, ते मात्र सांगता येतं. ‘केमुरी’ म्हणजे धूर. केमुमाकी या नावातच धूर सोडून समोरच्याला चकवणारा निंजा ऐकू येतो. ‘कागे’ म्हणजे सावली, आणि मांजर काळं. ‘अमारा’त तो धूर नाही. मोखाड्याच्या पोरांनी मात्र त्या रिकाम्या नावात स्वतःचा अर्थ भरला: खोड्या काढणारा. माझ्या वहीतलं ते वाक्य खोडलंय, ही नोंद ठेवलीये.