जरी, तरी आणि क्रियापदाची साक्ष

आमच्या इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेची पत्रे इंग्रजीत तयार होत आणि ती मराठीत करून देण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. एका पत्राचा मजकूर एका वाक्याचाच होता. मूळ इंग्रजी वाक्याची सुरुवात 'ऑल्दो' या शब्दाने होत होती. सभासदाने थकबाकी भरली आहे हे त्यात मान्य केले होते आणि तरीही उशिराचा दंड माफ होणार नाही असे पुढे म्हटले होते. मी लिहिले : 'सभासदाने थकबाकी भरली तरी दंड माफ केला जाणार नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक पावती घेऊन दारात उभे राहिले. "अहो, 'भरली तरी' म्हणजे काय? मी भरली आहे. ही बघा पावती. तुम्ही तर मला अजून थकबाकीदारच ठरवलंत." दंडाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पत्राने आपला भरणा नाकारला, याचे त्यांना दुःख होते. मी शब्दकोश उघडून दाखवला असता तर 'ऑल्दो' म्हणजे 'जरी-तरी' हे त्यांनाही पटले असते. शब्द बरोबर होता, पण वाक्य खोटे झाले होते. ते कोठे खोटे झाले याचा शोध घेताना विरोध आणि सवलत दाखवणाऱ्या आपल्या शब्दांकडे मी पहिल्यांदा नीट पाहिले.

शाळेत आपण 'पण, परंतु, परी' हे न्यूनत्वबोधक आणि 'जर-तर, जरी-तरी' हे संकेतबोधक असे पाठ करतो. अर्थाच्या दृष्टीने ही विभागणी विचित्र वाटते. 'तो गरीब आहे, पण मानी आहे' आणि 'तो गरीब असला तरी मानी आहे' या वाक्यांचा आशय जवळजवळ एकच असताना पहिले एका घरात आणि दुसरे दुसऱ्या घरात कसे? मात्र रूपाच्या दृष्टीने जुने व्याकरणकार चुकलेले नाहीत. संस्कृतातले 'यद्यपि' म्हणजे 'यदि' अधिक 'अपि', अर्थात 'जर' आणि 'सुद्धा'. मराठीतही 'जर' आणि 'जरी' यांचे नाते कानालाच कळते. ज्ञानेश्वरीत तर 'जरी' हा शब्द पुष्कळदा निव्वळ 'जर' याच अर्थाने येतो आणि 'तरी' हा 'तर' या अर्थाने. म्हणजे आपली सवलत ही मुळात एक अट आहे. अट पुरी झाली, पण तिच्यातून निघायला हवा होता तो परिणाम निघाला नाही, एवढेच जरी-तरी सांगते.

इंग्रजी 'ऑल्दो' मात्र अट राहिलेला नाही. तो वापरला की पुढची गोष्ट घडलेली आहे हे बोलणाऱ्याने मान्य केले असे धरतात. घडेल की नाही हे ठाऊक नसेल, तर इंग्रजीत 'ईव्हन इफ' असा वेगळा जोड आहे. मराठीत दोन्हींना एकच जरी-तरी. मग घडलेले आणि न घडलेले यांतला फरक मराठी दाखवते तरी कशाने? ती तो क्रियापदाने दाखवते. एकच वाक्य चार प्रकारे लिहून पाहू.

'पाऊस पडला तरी सामना होईल.' पाऊस अजून पडलेला नाही, पडेल की नाही तेही ठाऊक नाही. 'पडला' हे रूप भूतकाळाचे दिसते, पण येथे काळाशी त्याचा संबंध नाही, ते अटीचे रूप आहे. आता पुढचे क्रियापद बदलू : 'पाऊस पडला तरी सामना झाला.' पहिला अर्धा अक्षरशः तोच, पण आता पाऊस खरोखर पडून गेला आहे. ते 'झाला' या शेवटच्या शब्दाने ठरवले. तिसरे वाक्य : 'पाऊस पडला असला तरी सामना होईल.' येथे पाऊस बहुधा पडलेला आहे, मात्र बोलणारा त्याची हमी देत नाही. तो ते धरून चालतो. चौथे : 'पाऊस पडला असता तरी सामना झाला असता.' पाऊस पडलाच नाही. 'तरी' चारही वाक्यांत जागचा हललेला नाही. सगळी साक्ष क्रियापदांनी दिली आहे.

माझी चूक आता उघड होते. 'भरली तरी' याच्यापुढे मी 'केला जाणार नाही' हे भविष्याचे क्रियापद ठेवले आणि त्याबरोबर 'भरली' हे आपोआप अटीचे रूप झाले. अर्थ निघाला : उद्या भरलीत, तरी दंड आहेच. 'भरली असली तरी' लिहिले असते, तर धार कमी झाली असती, पण 'भरली असेलही, आम्हाला काय त्याचे' असा सूर उरलाच असता. भरणा निर्विवाद मान्य करायचा, तर 'आहे' हवे होते : 'सभासदाने थकबाकी भरली आहे. तरीही नियमानुसार दंड माफ करता येत नाही.' 'जरी भरली आहे, तरी' असेही चालते. 'असला-असली' हे रूप गोष्ट गृहीत धरते, 'आहे' ती सांगते. दोन वाक्ये झाली म्हणून इंग्रजीची घडण मोडते, हे खरे. पण घडण राखण्यासाठी माणसाची पावती नाकारावी काय?

'डिस्पाइट'ची गोष्ट वेगळी. इंग्रजीत त्याच्यापुढे कर्ता आणि क्रियापद असलेले वाक्य येऊ शकत नाही, नाम किंवा नामासारखे रूपच यावे लागते. म्हणून इंग्रजी शिकणारी आपली मुले त्याच्यापुढे सरळ वाक्य ठेवतात किंवा उगाच 'ऑफ' जोडतात आणि गुण गमावतात. मराठीत या जागी दोन वाटा आहेत. एक '-ऊनही'ची : 'ताप असूनही ती कामावर गेली.' साध्या '-ऊन'चा नियम कडक आहे. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो. 'मी सांगून तो गेला नाही' हे वाक्य मराठी कानाला लंगडे वाटते. त्यात 'ही' घाला : 'मी सांगूनही तो गेला नाही.' आता ते निर्दोष आहे. 'ही' आल्यावर नियम सैल होतो, पण त्यासाठी पहिल्या क्रियेचा कर्ता शब्दांत सांगावा लागतो. तो गाळला की गोंधळ होतो. 'पैसे देऊनही कंत्राटदाराने काम केले नाही.' पैसे कोणी दिले? आपण व्यवहारावरून ओळखतो की आम्ही दिले. व्याकरण मात्र जवळच्या कर्त्याकडे, म्हणजे कंत्राटदाराकडेच बोट दाखवते. बातमीत किंवा तक्रार-अर्जात 'आम्ही' हा एक शब्द वाचवण्यात काही शहाणपण नाही.

दुसरी वाट 'न जुमानता'ची. गंमत अशी की 'डिस्पाइट' हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, तेव्हा त्याचा अर्थ तिरस्कार, अवहेलना असा होता. लॅटिन मुळात वरून खाली पाहण्याची कल्पना आहे. इंग्रजीत ती अवहेलना झिजून गेली. 'न जुमानता'मध्ये ती अजून जिवंत आहे. म्हणून येथे जुमानणारा किंवा न जुमानणारा कोणी सजीव कर्ता लागतो. 'पावसाला न जुमानता लोक जमले' हे ठीक आहे. 'पावसाला न जुमानता सामना झाला' यात सामना मुजोर ठरतो. 'विरोधाला न जुमानता ठराव मंजूर करण्यात आला' हे वाक्य आपण रोज वाचतो. त्यात अवहेलना आहे, पण अवहेलना करणारा गायब आहे. बातमीदाराने आरोप केला आणि आरोपीचे नाव गाळले. नुसती नोंद करायची असेल, तर 'विरोध असतानाही' पुरेसे आहे.

'व्हेअरॅज' या शब्दाला इंग्रजीत दोन जन्म आहेत. कायद्याच्या कागदाच्या आरंभी तो कारण सांगतो. तेथे आपल्याकडे 'ज्याअर्थी… त्याअर्थी' ही जोडी रूढ आहे. इतरत्र तो दोन गोष्टी समोरासमोर ठेवतो आणि तेथे मराठीचा जोड 'तर' आहे : 'थोरला मुंबईत नोकरी करतो, तर धाकटा गावी शेती पाहतो.' येथे कोणी कोणाला सवलत देत नाही, दोन्ही बाजू समान वजनाच्या असतात. अट एकच : जोड्या जुळल्या पाहिजेत. थोरल्यासमोर धाकटा, मुंबईसमोर गाव, नोकरीसमोर शेती. ही जोडी नसताना 'तर' आणला की तो नुसता 'आणि' होतो. 'अपघातात दोघे ठार झाले, तर पाच जण जखमी झाले.' मृत आणि जखमी यांच्यात येथे कसला विरोध आहे? 'दोघे ठार झाले आणि पाच जण जखमी झाले' एवढेच म्हणायचे असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे : 'तर'च्या जागी 'याउलट' ठेवून पाहावे. हसू आले, तर 'आणि' लिहावे.

शेवटी आपल्याच अंगणात येतो. पुस्तक-परीक्षणांतले एक वाक्य वाचकांच्या चांगल्या ओळखीचे असेल : 'काही त्रुटी असल्या तरी संग्रह वाचनीय आहे.' वरची चार वाक्ये आठवून ते पुन्हा वाचा. त्रुटी आहेत, असे परीक्षक म्हणत नाही. त्या नाहीत, असेही नाही. 'असल्या' या रूपाने त्याने दोन्ही दरवाजे उघडे ठेवले आहेत. लेखक रागावला, तर 'मी कुठे म्हटले त्रुटी आहेत?' आणि वाचक फसला, तर 'मी सूचना दिली होती.' आता 'असल्या'च्या जागी 'आहेत' लिहून पाहा : 'संग्रहात त्रुटी आहेत, तरी तो वाचनीय आहे.' लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : कोणत्या त्रुटी? किती कथांत? आणि 'तरी वाचनीय' ते कशामुळे? एक क्रियापद बदलल्याबरोबर परीक्षकाला उरलेले परीक्षण लिहावे लागते.

शिक्षकांना मी नंतर पत्र बदलून दिले. दंड तेवढाच राहिला आणि तो त्यांनी भरला. नव्या पत्रातल्या 'आहे' या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली आणि ते पत्र त्या पावतीला टाचून ठेवले.