दुखत नाही म्हणून

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका घरात खाटेशेजारच्या भिंतीला वहीची दोन पानं चिकटवलेली आहेत. वडिलांची डावी बाजू लकव्याने गेलेली, त्यात मधुमेह. मुलगी चंद्रपूरला नोकरीवर परतताना, दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींसाठी तिने हे लिहिलं. सुरुवातच अशी: ‘मावशी, बाबाले डाव्या अंगाला दुखत नाही, म्हणून ते सांगणार नाहीत. तुम्हीच पाहायचं.’ पुढची प्रत्येक सूचना याच वाक्यातून निघते. आपण झोपेतही टोचलं की कूस बदलतो. इथे ते टोचणंच हरवलं आहे, आणि ते दुसऱ्याच्या हातांना शिकवायचं आहे.

दर दोन तासांनी कूस बदलायची, हे कुणीही सांगेल. तिची लेखणी पुढे जाते. ‘पूर्ण कुशीवर नको, अर्धं पाठीवर राहू द्या. पाठीमागे उशी लावा आणि माकडहाडाखाली हात घालून पाहा. हात सहज गेला तर बरोबर.’ परिचारिका याला तीस अंशांचा कल म्हणतात. सरळ कुशीवर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, पाठीवर तो माकडहाडावर. या कलात तो मांसल कुल्ल्यावर पसरतो. कोनमापक कोण आणणार? तिने अंश मोजायचं काम तळहाताला दिलं. त्याखाली लगेच: ‘वर सरकवताना ओढू नका. आईला हाक मारा आणि खालच्या लुगड्यासकट दोघींनी उचला.’ ओढताना कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे जातं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळल्या जातात. वरून काही दिसत नाही. म्हणूनच ते लुगडं मला फार आवडलं.

खरी कमाल त्वचेच्या परिच्छेदात आहे. पुस्तकं सांगतात, लाल डाग शोधा. ती लिहिते: ‘बाबांचा रंग सावळा आहे, लाली दिसणार नाही. बाजूच्या कातडीपेक्षा काळपट-जांभळं दिसतं का, ते उजेडात पाहा. मग हाताची मागची बाजू लावा: तिथेच गरम लागतं का, कडक लागतं का, की पिलपिलीत?’ बाजूच्या कातडीशी तुलना करायला सांगणं, यात जाणकाराची नजर आहे, कारण उन्हाळ्यात इथे सगळंच अंग तापलेलं असतं. टाचेची कातडी फिकट, म्हणून तिथे वेगळी परीक्षा: बोटाने दाबून सोडायचं. लाल जागा पांढरी होऊन पुन्हा भरली तर रक्त फिरतं आहे. दाबूनही लालच राहिली तर आत इजा सुरू झाली. अशा जागेवर पुन्हा भार द्यायचा नाही. आणि मोहाच्या टोळीचं तेल घेऊन चोळायला बसणाऱ्या मायेच्या हातालाही तिने अडवलं आहे: ‘तेल बाकी अंगाला लावा. डागावर चोळू नका, आतलं मांस अजून दुखावतं.’

पायांबद्दल ती थोडक्यात बोलते. उशी टाचेखाली नव्हे, पूर्ण पोटरीखाली, टाच अधांतरी. ‘टाचेखालून कागद आरपार गेला पाहिजे.’ पाय कोमट पाण्याने धुवायचे, पाणी आधी स्वतःच्या कोपराने पाहायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तिथे तेल नाही, कारण ओल राहिली की बेचकी फाटते. गरम पाण्याची पिशवी घरातूनच काढून टाकली आहे. बधिर पाय रोज डोळ्यांनी तपासायची शिस्त कुष्ठरोगाच्या उपचारात जुनी आहे. वरोऱ्याचं आनंदवन शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. तिने ही शिस्त कुठून घेतली, हे मी विचारलं नाही. पण मच्छरदाणी खोचताना ‘पायांना मुंग्या, उंदीर चावल्याची खूण आहे का पाहा’ ही ओळ वाचून वाटलं, हे ऐकीव ज्ञान नव्हे.

हवेच्या गादीवर मात्र तिचा विश्वास नाही, आणि ते योग्यच आहे. ‘गादी आहे म्हणून कूस चुकवू नका. लाइट गेली की ती बसते. खाली हात घालून पाहा. अंग फळीला टेकलं असेल तर घड्याळ न पाहता कूस बदला.’

उपचार शिकवायच्या मोहात ती पडली नाही, याला मी सगळ्यात जास्त गुण देईन. फोड आला, कातडी निघाली, टाच काळी दिसली किंवा वास आला, तर फोड फोडायचा नाही, हळद-पावडर टाकायची नाही; फोटो काढून तिला फोन करायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पानाच्या तळाशी नोंदीसाठी रकाने आखले आहेत आणि वर तंबी: ‘ठीक आहे, असं लिहू नका. काय पाहिलं ते लिहा.’ पहिली नोंद मावशींच्या अक्षरात आहे: ‘10 वाजता. डावा घोटा गरम, उजवा थंड. उशी पोटरीखाली सरकवली. 12 वाजता दोन्ही सारखे.’