अंतरपाटावरची अक्षरे

लग्नपत्रिकेवर कुणी टीकालेख लिहीत नाही. पत्रिका आली की तिथी नि मुहूर्त पाहायचा आणि ती देवापुढे ठेवून द्यायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध. पण यंदा डोंबिवलीच्या माझ्या भाचीने स्वतःची पत्रिका स्वतःच केली आणि पहिली प्रत माझ्यापुढे ठेवली. मास्तरकीची खोड, तांबडी पेन्सिल घेऊन बसलो.

चित्र एआयकडून करून घेतलेले. मराठी लग्न, नवरा-नवरी आणि वर ‘शुभविवाह’, एवढेच तिने लिहून दिले होते. लांबून पत्रिका देखणी दिसली. जवळ घेतली तेव्हा नवरीला उत्तरेकडचा घुंघट होता, नवरदेवाच्या तोंडावर सेहरा होता, आणि ‘शुभविवाह’ काही केल्या वाचता येईना. शिरोरेघ होती, काने होते, वेलांटीसारखेही काहीतरी होते. नव्हते ते फक्त अक्षर.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपण ‘वि’ लिहितो तेव्हा ‘व’ला पहिली वेलांटी देतो. चित्र काढणारे यंत्र मात्र अक्षराकडेही पैठणीच्या काठासारखे, नक्षी म्हणूनच पाहते. हे ओळखण्याची एक सोपी खूण मला सापडली. ‘शुभविवाह’ ह्या शब्दात ‘व’ दोनदा येतो. टंकातून उमटलेले दोन्ही ‘व’ तंतोतंत सारखे असतात. भाचीच्या पत्रिकेत एकाचे पोट फुगलेले, तर दुसऱ्याला पोटच नाही! अलीकडची यंत्रे मोठा मथळा पुष्कळदा नीट काढतात, हे खरे. पण बारीक मजकुरात एखादी मात्रा किंवा अनुस्वार गळतो, आणि सगळे जवळजवळ बरोबर असल्यामुळे तो कुणाच्या ध्यानातही येत नाही. आजोबांच्या नावातला अनुस्वार गळालेली पत्रिका चारशे घरी जाणे बरे नव्हे.

“मग मामा, चित्र त्याचे आणि अक्षरे माझी,” भाची म्हणाली.

दुसऱ्या खेपेस तिने चित्रात एकही अक्षर नको असे बजावले आणि मुंडावळ्या, नऊवारी, उपरणे हे एकेक नाव घेऊन सांगितले. तिची खरी सूझ पुढेच आहे. अक्षरांना जागा हवी म्हणून बहुतेक लोक चित्राच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन चिकटवतात. तिने नवरा-नवरीमध्ये धरलेला अंतरपाटच मोठा मागितला आणि मजकूर त्यावर लिहायचे ठरवले. पहिला अंतरपाट चुण्याचुण्यांचा आला. त्यावर सपाट अक्षरे ठेवताच ती कापडावर नसून काचेवर डकवल्यासारखी दिसू लागली. मग कापड ताणलेले, जवळजवळ सपाट मागितले, आणि अक्षरांना अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाचाच रंग दिला.

मथळ्यासाठी तिने ‘यात्रा वन’ हा टंक निवडला. मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवलेला आहे. रोज लोकलला लोंबकळणाऱ्या डोंबिवलीकरणीला तो शोभतो, असे माझे मत. तिच्या सासूबाईंचे वेगळे आहे. अक्षरे ऐसपैस दिसावीत म्हणून तिने त्यांतले अंतर वाढवले आणि शिरोरेघ जागोजाग तुटली. रोमन अक्षरांना जे खपते ते आपल्या अक्षरांना खपत नाही. मोकळेपणा हवाच असेल तर तो दोन शब्दांत किंवा दोन ओळींत द्यावा.

माझी पेन्सिल मात्र अडली ती ‘वऱ्हाडी मंडळी’वर. तेथे ‘वर्हाडी’ छापले होते. ‘ह’च्या डोक्यावर रफार! साधा ‘र’ पाय मोडून पुढे ‘ह’ लिहिला की यंत्र रफारच देते. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन पाय मोडला, तर आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र मिळतो. ‘ल’ आणि ‘श’ ह्यांचेही तसेच. काही टंकांत मराठी वळण आणि हिंदी वळण दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्याखेरीज मराठी वळण पुढे येत नाही.

अक्षरे वेगळी ठेवण्याचा आणखी एक लाभ छापखान्यात कळला. १०२४ ठिपके रुंदीचे चित्र ५ इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम २०५ ठिपके येतात; छापखाना ३०० मागतो. एवढ्यात नऊवारीची निरी थोडी मऊ दिसली तर बिघडत नाही, अक्षराची कड मात्र लगेच भुरकट दिसते. अक्षरे वेगळी आणि रेषांच्या रूपात दिली, तर ती कितीही मोठी केली तरी धारदार राहतात, आणि छापखान्याच्या संगणकावर तो टंक नसला तरी बदलत नाहीत. मात्र रेषा झाल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून त्याआधी घरातल्या तिघांनी मजकूर मोठ्याने वाचला, आणि तिसऱ्या वाचनात आत्याबाईंनी मुहूर्ताची मिनिटे चुकलेली पकडली.

पत्रिका छापून आली आहे. चित्रात नवरीला एकाच बाजूची मुंडावळी आली होती. चार वेळा मागूनही दुसरी येईना. ती भाचीने अखेर आपल्या हाताने काढली. किंचित वाकडी आहे.