आधी ‘टच्’, मग ‘धाड’

पीसीवरच्या पबजीत लांबून कार९८ची गोळी आली, की आधी कानाजवळ ‘टच्’ होतं आणि मग बंदुकीचा दबका ‘धाड’ पोचतो. गोळी सेकंदाला ७६० मीटर जाते, आवाज साधारण ३४०. वेग तोच राहिला असं धरलं, तर ४०० मीटरवरच्या नेमबाजासाठी दोन्हींत सुमारे ०.६५ सेकंद जातात. रिसोडला वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आम्ही आकडे मोजायचो, तेच गणित. फक्त ‘टच्’कडे वळाल तर फसाल, तो गोळीच्या वाटेवरचा आवाज. बंदुकीची दिशा ‘धाड’ सांगतो.

मोबाइलच्या बीजीएमआयमध्ये मात्र गोळीबाराची खूण छोट्या नकाशावरच उमटते. इयरफोन नसणाऱ्यांची सोय झाली, मान्य. पण एवढा घडवलेला आवाज मग ऐकायचा कोणी? आम्ही तर कोपऱ्यातच बघतो.