लेण्याद्रीचे निवेदन : लघुचित्रफितीतील धर्मतुलनेची भाषा

जुन्नरच्या उत्तरेस, कुकडी नदीच्या पलीकडे, लेण्याद्रीच्या कड्यात सुमारे तीस लेण्यांची एक रांग आहे. त्यांपैकी सहावे लेणे चैत्यगृह असून त्यात स्तूप आहे. सातवे लेणे विहार आहे, आणि याच विहारात गिरिजात्मज गणपतीची पूजा चालते. अष्टविनायकांपैकी लेण्यात असलेले हे एकच स्थान होय. सुमारे तीनशे पायऱ्या चढून येणाऱ्यांत गणेशभक्त असतात, बौद्ध उपासक असतात आणि केवळ शिल्प पाहावयास आलेले प्रवासीही असतात. या स्थळाची एका मिनिटाची चित्रफीत करू पाहणारा मनुष्य, त्याच्या मनात असो वा नसो, दोन उपासनापद्धती शेजारी ठेवतोच. म्हणून लेण्याद्रीविषयी तुलना करावी की करू नये, हा प्रश्न उरत नाही. ती कोणत्या वाक्यांत करावी, एवढाच प्रश्न उरतो.

अशा चित्रफितींवर राग ओढवतो तो त्यांतील वस्तुस्थितीमुळे, असे सामान्यतः समजले जाते. लेण्याद्रीच्या बाबतीत ही समजूत फारशी टिकत नाही. वस्तुस्थिती उघड्या दगडात आहे आणि दोन्ही प्रकारचे यात्रेकरू ती रोज पाहतात. बोचतो तो बहुधा वाक्याचा घाट : कर्ता कोण केला, षष्ठीचा प्रत्यय कोणाला लावला, 'म्हणे' हा शब्द कोणाच्या वाट्याला आला आणि आदरार्थी अनेकवचन कोणाला नाकारले. या घाटाचे परीक्षण करणे हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम दगड काय सांगतो ते पाहू. सातवे लेणे म्हणजे खांबांचा आधार नसलेले एक विस्तीर्ण दालन. त्याची खोली सतरा मीटरांहून थोडी अधिक, रुंदी साडेपंधरा मीटर आणि उंची साडेतीन मीटरांहून किंचित कमी आहे. तीन बाजूंच्या भिंतींत मिळून वीस खोल्या कोरलेल्या आहेत. ही रचना भिक्षूंच्या निवासाची आहे. मागील भिंतीतील मधल्या दोन खोल्यांमधली भिंत काढून त्या एक केल्या आहेत आणि तेथेच खडकातील गणेशमूर्ती पूजिली जाते. शेजारच्या सहाव्या लेण्यातील प्राकृत लेखात कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने चैत्यगृहाचे दान केल्याची नोंद आहे. या लेणीसमूहाचा काळ साधारणतः इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकाचा मानला जातो. दगडाची साक्ष येथे संपते. दोन खोल्यांमधली भिंत निघाली, हे दिसते. ती कोणी आणि कोणत्या भावनेने काढली, हे भिंतीवरून कळत नाही.

निवेदन घसरते ते नेमके या जागी. “बौद्धांचे लेणे हिंदूंनी बळकावले” या वाक्यात 'बळकावले' हे क्रियापद तीन गोष्टी गृहीत धरते : त्या वेळी तेथे कोणी मालक राहत होता, त्याची संमती नव्हती आणि घेणाऱ्याला याची जाणीव होती. यांपैकी एकही गोष्ट भिंतीत नाही. “लेण्याचे मंदिरात रूपांतर करण्यात आले” हे वाक्य वरवर सौम्य आहे. पण कर्मणी रचनेत कर्ता केवळ अनुक्त असतो, नाहीसा होत नाही, आणि श्रोता तो मनात भरून काढतो. “पुढे या विहारात गणपतीची पूजा होऊ लागली” या वाक्यातील अकर्मक क्रियापद जेवढे दिसते तेवढेच सांगते. उलट बाजूचा दोषही तितकाच गंभीर आहे. “डोंगर कोरून निर्माण केलेले प्राचीन गणेशमंदिर” या शब्दयोजनेत कोणावर आरोप नाही, परंतु ती असत्य आहे. वीस खोल्या गणपतीसाठी कोरलेल्या नाहीत. तो उल्लेख गाळला, की बौद्ध प्रेक्षकाला आपला पूर्वेतिहास पुसला गेल्यासारखे वाटते, आणि त्याचे वाटणे निराधार नसते. सौम्यपणासाठी सत्य वगळणे हे सौम्य भाषेचे उदाहरण नव्हे.

दुसरा दोष प्रामाण्याच्या असमान वाटणीचा आहे. पार्वतीने येथे तप केले आणि तिला गणपती पुत्ररूपाने लाभला, ही कथा सांगताना निवेदक 'म्हणे' वापरतो, आणि लगेच “येथे भिक्षू वर्षावास करीत” हे वाक्य निश्चयाने उच्चारतो. 'म्हणे' हा निपात मराठीत केवळ ऐकीवपणा दाखवीत नाही, त्याला अविश्वासाची छटा आहे. “भाविकांची श्रद्धा अशी आहे” असे म्हटल्याने ती छटा जाते आणि विधान कोणत्या प्रकारचे आहे तेही स्पष्ट राहते. मात्र मग स्तूपाच्या पूजेविषयी बोलतानाही उपासकांची भावना त्याच मापाने सांगावयास हवी. एका बाजूला इतिहास आणि दुसऱ्या बाजूला केवळ समजूत, अशी विभागणी झाली म्हणजे तुलना राहत नाही, निवाडा होतो. ग्रंथाची तुलना ग्रंथाशी, आचाराची आचाराशी आणि अवशेषाची अवशेषाशी करावी. एका धर्माचा उच्च विचार दुसऱ्याच्या गर्दीशेजारी किंवा नारळाच्या ढिगाशेजारी ठेवणे, ही या प्रकारातील नेहमीची चूक आहे.

आदरार्थी रूपांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. “गणपती बसला आहे” या एकवचनात मराठी माणसाला जिव्हाळा जाणवतो. तोच नियम लावून “बुद्धाने सांगितले” असे म्हटले, तर जुन्या मराठी गद्यात ते खटकत नसे, पण आज बौद्ध श्रोत्याला ते उणे वाटते. येथे समान वागणूक म्हणजे समान प्रत्यय नव्हे. प्रत्येक समाज आपल्या दैवताचा वा शास्त्याचा उल्लेख ज्या रूपाने करतो ते रूप त्याला देणे, ही येथील खरी समानता होय.

तिसरा दोष सद्भावनेतून येतो, म्हणून तो ओळखणे अवघड जाते. वाद टाळण्यासाठी निवेदक शेवटी म्हणतो : “बुद्ध हा विष्णूचाच अवतार, तेव्हा दोन्ही एकच.” १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत स्पष्टपणे नाकारलेले आहे, आणि गौरी-गणपतीची उपासना न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. ज्याच्या धर्मस्वीकाराचा हा पाया आहे त्याला हे समेटाचे वाक्य नकारासारखे ऐकू येते. भेद मान्य करणे हा वैरभाव नव्हे, आणि भेद पुसणे हे प्रत्येक वेळी सौजन्य ठरत नाही.

'आधी' आणि 'नंतर' या क्रियाविशेषणांचाही असाच विचार करावा लागतो. जुन्नरच्याच मानमोडी डोंगरावर बौद्ध लेणी आहेत, पुढील काळातील जैन मूर्ती आहेत आणि त्यांतील अंबिकेची स्थानिक लोकांकडून होणारी पूजाही आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथात, मानमोडी या देवीच्या नावाचा माग तेथील प्राचीन लेखातील डोंगराच्या नावापर्यंत नेला आणि देवीचे स्थान भिक्षूंच्याही पूर्वीचे असावे असा तर्क केला. हा तर्क कोणी मानो वा न मानो, त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : 'मुळात हे कोणाचे' या प्रश्नाचे उत्तर एक थर खाली गेले की बदलू शकते. आंबेगावच्या डोंगराळ भागातील देवराईविषयी बोलताना हेच क्रियाविशेषण वेगळ्या रीतीने इजा करते. तेथील पूजेला 'आदिम' आणि मंदिरातील पूजेला 'विकसित' म्हटले, की कालक्रमाचे शब्द श्रेष्ठकनिष्ठतेचे शब्द बनतात. देवराईत आज होणारी पूजा ही आजचीच पूजा आहे.

या सर्व दोषांचे मूळ बहुधा मथळ्यात सापडते. “लेण्याद्री : लेणे कोणाचे?” असा मथळा चित्रफितीवर झळकतो, आणि निवेदन कितीही संयत असले तरी ध्वनी बंद ठेवून पाहणाऱ्यापर्यंत तेवढाच पोहोचतो. 'कोणाचे' ही षष्ठी मालकी विचारते, आणि मालकीचा प्रश्न विचारला की दोनांपैकी एकाला हरावेच लागते. त्याऐवजी “लेण्याद्री : येथे कोणी काय केले?” असे विचारले, तर दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी ठरू शकतात. दृश्यांनाही हेच लागू आहे. शेंदरी मूर्तीवरून एकदम ओस स्तूपावर जाणारी जोडणी शब्दांवाचून आरोप करते. दालनभर फिरत खोल्या दाखवून मग मूर्तीपाशी थांबणारी दृष्टी तो करीत नाही.

एका मिनिटात स्वस्थ गतीने शंभरएक शब्द बोलता येतात. तेवढ्यात पुढील मजकूर बसतो :

“हे लेण्याद्रीचे सातवे लेणे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी हे बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरले गेले. भिंतीतील या लहान खोल्या त्यांच्या राहण्याच्या. शेजारच्या लेण्यात स्तूप आहे. कल्याणच्या एका दात्याने त्या चैत्यगृहाचे दान केल्याचे तेथील लेखात कोरलेले आहे. पुढील काळात या विहारातील दोन खोल्या एक झाल्या आणि येथे गिरिजात्मज गणपतीची पूजा होऊ लागली. पार्वतीने येथे तप केले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. आज गणेशभक्त येथे दर्शनाला येतात, आणि भगवान बुद्धांचे उपासक स्तूपापुढे वंदना करतात. या दोन उपासना एक नाहीत. दोघांची वाट मात्र एकच आहे, याच पायऱ्यांची.”

या मजकुराची परीक्षा दोन रीतींनी करता येते. पहिली अदलाबदलीची : प्रत्येक वाक्यात दोन समाजांची नावे बदलून पाहावीत, आणि तीच क्रियापदे व तेच निपात दुसऱ्या बाजूविषयी वापरण्यास जीभ अडखळते काय, हे तपासावे. 'बळकावले' व 'म्हणे' येथे लगेच पकडले जातात. दुसरी श्रवणाची : प्रसिद्धीपूर्वी दोन्ही समाजांतील एकेका जाणत्या व्यक्तीला मजकूर स्वतंत्रपणे ऐकवावा आणि आक्षेप शब्दाला आहे की वस्तुस्थितीला, हे वेगळे नोंदवावे. शब्दाला असेल तर शब्द बदलावा. वस्तुस्थितीला असेल तर पुरावा पुन्हा पाहावा, आणि तो पक्का असल्यास विधान ठेवावे. येथे पूर्वी विहार होता, हे ऐकणेच ज्याला नको आहे, किंवा आज येथे गणपतीची पूजा होते, हे दाखविणेच ज्याला मान्य नाही, त्याचे समाधान कोणत्याही व्याकरणाने होणार नाही. भाषेच्या काळजीची मर्यादा ती हीच.

जुन्नरच्या लेखांत दात्याच्या नावाला षष्ठी असते आणि दानाला 'देयधम' म्हटलेले असते. ती षष्ठी देणाऱ्याची आहे. ज्याने दिले, त्याने वस्तूवरील आपली मालकी सोडली, एवढेच त्या प्रत्ययाने नोंदविले आहे. आजच्या निवेदकाने त्याच प्रत्ययाला मालकीच्या दाव्याचे काम देऊ नये, एवढा धडा त्या प्राकृत ओळींतून घेण्यास हरकत नाही.