शब्द तुमचे, निरीक्षणे कोणाची? भाषांतरित वाङ्मयचौर्याविषयी

"सर, एकही वाक्य जसेच्या तसे घेतलेले नाही. सगळे माझ्या शब्दांत आहे." प्रकल्प-अहवालाच्या तोंडी परीक्षेत हे उत्तर नेहमी ऐकू येते आणि देणाऱ्याला ते प्रामाणिकपणे खरेही वाटत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतली व्याख्या मात्र शब्दांबद्दल बोलतच नाही. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून मांडणे, एवढेच तिथे म्हटले आहे. भाषा कोणती, हा प्रश्न त्यात येत नाही.

आपल्या उरल्यातलेच उदाहरण घेऊ. इथल्या स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीत आतल्या अस्तरावर हळूहळू थर चढतो, त्याचे कडे बनते, मालाची वाट अरुंद होते आणि शेवटी भट्टी थंड करून ते फोडावे लागते. समजा, या विषयावरचा एक जुना जर्मन निबंध तुमच्या हाती लागला. लेखकाने कड्याचे तुकडे भट्टीच्या तीन ठिकाणांहून काढले, कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि निष्कर्ष काढला की थराची सुरुवात बारीक धुळीपासून होते व वितळलेले फायालाइट तिला नंतर सांधते. तुम्ही हे चार परिच्छेद मराठीत उतरवले आणि खाली नाव घातले नाही.

यात तुमचे काय आहे? मराठी वाक्ये, आणि त्यामागची मेहनत. ती खरी आहे, पण ती भाषांतरकाराची मेहनत आहे. तीन ठिकाणे निवडणे, नमुने कापणे, आधी धूळ आणि मग फायालाइट हा क्रम ओळखणे, हे दुसऱ्याने केले. शुद्ध फायालाइट सुमारे १२०५ अंश सेल्सियसला वितळते, ही माहिती कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळते. तिच्यासाठी त्या लेखकाचे नाव घ्यायची गरज नाही. धूळ आधी बसते हा शोध मात्र त्याचा आहे.

नाव गाळल्याने केवळ लेखकाचा अपमान होतो असे नाही. त्या निबंधात भट्टीच्या तापमानाची एक मर्यादा दिली असेल, तर ती त्याने वापरलेल्या कोळशासाठी आहे. कोरब्याच्या कोळशात राख भरपूर असते आणि राखेतली सिलिका हाच फायालाइटचा कच्चा माल. तुमचा अहवाल वाचणारा कारखान्यातला इंजिनिअर तो आकडा इथल्याच कोळशाचा समजेल. मूळ निबंधाचे नाव असते तर त्याने तो उघडून पाहिला असता. नाव गाळले की परतीचा रस्ताच बंद होतो.

अशी चोरी ओळखू येते ती तिच्या उरलेल्या खुणांवरून. जर्मनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात; अहवालात मध्येच '१२,५ टक्के' दिसले की मी थांबतो. 'आन्झात्झ' या जर्मन शब्दाचा अर्थ भट्टीत चढलेला थर असाही होतो आणि विचार करण्याची पद्धत असाही. घाईत कोश उघडणारा दुसरा अर्थ उचलतो आणि मग भट्टीच्या भिंतीवर 'दृष्टिकोन जमा होतो'! कधी मजकूर 'आकृती ७ मध्ये दाखवल्याप्रमाणे' म्हणतो, आणि अहवालात आकृत्या असतात चार.

साम्य तपासणारे सॉफ्टवेअर इथे बहुतेक वेळा गप्प राहते, कारण ते मुख्यतः अक्षरांच्या ओळी जुळवते. नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. आपल्याकडे त्याचा अर्थ '१० टक्क्यांच्या आत आलो, सुटलो' असा लावतात. ही पळवाट नियमाने स्वतःच रुंद केली आहे, असे माझे मत आहे. आकडा समोर ठेवला की व्याख्या कोणी वाचत नाही. जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांच्या प्रबंधात उचललेल्या मजकुराबरोबर इंग्रजीतून जर्मनमध्ये आणलेले, श्रेय न दिलेले उतारेही निघाले. ते वाचकांनी मूळ लेखनाशी ताडून शोधले. फेब्रुवारी २०११ मध्ये बायरॉइट विद्यापीठाने त्यांची डॉक्टरेट काढून घेतली.

आपल्याकडे याचा जुना आणि सरळ नमुना आहे. आगरकरांनी १८८३ मध्ये 'विकारविलसित' छापले, तेव्हा ते शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे भाषांतर आहे हे लपवले नाही. त्याने आगरकरांचे काहीच कमी झाले नाही.

तुमच्या अहवालात हे करायला दोन ओळी पुरतात. परिच्छेदाच्या सुरुवातीला लेखकाचे नाव आणि वर्ष देऊन 'यांच्या निरीक्षणानुसार' असे लिहा, आणि वाक्यामागून वाक्य उतरवले असेल तर शेवटी 'मूळ जर्मन, मराठी भाषांतर माझे' असे जोडा. शेवटच्या संदर्भसूचीत नाव टाकून मधले चार परिच्छेद मोकळे सोडणे पुरत नाही, कारण कुठे त्याचे संपते आणि कुठे तुमचे सुरू होते हे वाचकाला त्यातून कळत नाही. त्यानंतर उरल्यातल्या एखाद्या भट्टीतून काढलेल्या कड्याचा तुकडा मिळवा, त्यातही धूळ आधी बसली आहे का ते पाहा, आणि जे दिसेल ते आपल्या नावाने लिहा.